रिपोर्टात ‘लॅब्रल टेअर’ आलंय; मग खुब्याची दुर्बीण शस्त्रक्रिया करायची का?

नवरात्र संपली की बडोद्यातल्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टकडे जांघ दुखणाऱ्यांची गर्दी होते. नऊ रात्री गरबा खेळून बहुतेकांचा मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ताणलेला असतो आणि तो दोन-तीन आठवड्यांत सुटतो. त्यांच्यात काहीजण मात्र वेगळे निघतात. त्यांचं दुखणं गरब्याच्या कितीतरी आधीपासूनचं असतं, गरब्याने फक्त ते वर काढलेलं असतं. हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि रिपोर्टाच्या शेवटी ठळक अक्षरांत ‘लॅब्रल टेअर’, ‘कॅम मॉर्फॉलॉजी’ किंवा ‘एफएआय’ असं लिहिलेलं असतं. काहीतरी फाटलंय म्हटल्यावर ते शिवायला हवं, हे कुणालाही साहजिकच वाटणार. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: ‘ताई, ऑपरेशन कधी करून टाकू?’

ऑपरेशन कुणाला करावं आणि कुणाला अजिबात करू नये, हे त्या दोन शब्दांवर ठरत नाही. ते कशावर ठरतं, हे सांगण्यासाठी मी दांडिया बाजारात राहणाऱ्या एका विकेटकीपरचं उदाहरण घेते. त्याला केदार म्हणू. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

केदार चोवीस वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून क्रिकेट खेळतो, तेही यष्टीमागे उकिडवं बसून. आता क्लबकडून खेळतो आणि दिवसभर ऑफिसात खुर्चीवर असतो. उजव्या जांघेत खोलवर दुखतं, अशी तक्रार दीड वर्षापासूनची. सुरुवातीला फक्त सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुखायचं. मग सखल सीटच्या गाडीत अर्धा तास बसलं तरी दुखायला लागलं, मोजे घालताना कळ यायला लागली. ‘नेमकं कुठे दुखतं ते दाखव’ म्हटल्यावर त्याने बोट टेकवलं नाही. अंगठा मागे आणि चार बोटं पुढे जांघेकडे, असा पंजाने खुबाच धरून दाखवला. सांध्याच्या आतलं दुखणं असलेले लोक बहुतेक वेळा असंच दाखवतात. पाठीच्या कण्यातून येणारं दुखणं असेल तर हात कुल्ल्यावर किंवा मांडीच्या मागे जातो.

आत काय घडतं

खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल डोकं आणि ते बसणारी ओटीपोटाच्या हाडातली वाटी. डोक्याखाली हाड निमुळतं होतं, त्या भागाला मान म्हणतात. डोकं आणि वाटी, दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. वाटीच्या काठावर तंतुमय कूर्चेचं एक कडं असतं, तेच लॅब्रम. त्याचं काम प्रेशर कुकरच्या रिंगसारखं आहे: ते काठ घट्ट धरून ठेवतं आणि सांध्यातला द्रव आतच कोंडून ठेवतं. त्या कोंडलेल्या द्रवामुळे भार सगळीकडे सारखा पसरतो आणि डोकं वाटीत घट्ट बसून राहतं. कूर्चेला संवेदना नसते. लॅब्रमला मात्र मज्जातंतू असतात, म्हणूनच ते दुखतं.

गुडघा छातीकडे आणला की मान वाटीच्या पुढच्या काठाजवळ येते. नेहमीच्या खुब्यात तिथे पुरेशी मोकळी जागा असते, कारण डोकं संपून मान सुरू होते तिथे हाडाला छान खळगा असतो. ही जागा दोन प्रकारे कमी होते.

पहिला प्रकार कॅम. यात खळगा असायला हवा तिथे हाडाचा उंचवटा असतो, म्हणजे डोकं पूर्ण गोल राहत नाही. खुबा खोल वाकवून आत फिरवला की हा उंचवटा वाटीत घुसतो. तिथे लॅब्रम फारसं चेपलं जात नाही. उंचवटा त्याच्या आतल्या बाजूने शिरतो आणि वाटीतली कूर्चा तिच्या काठापासून रेटत नेतो. लॅब्रम आणि कूर्चा जिथे जुळतात ती शिवण आधी सुटते आणि मग कूर्चा खालच्या हाडापासून पदरासारखी वेगळी व्हायला लागते. कॅमचं खरं नुकसान असं कूर्चेत असतं. लॅब्रम फाटणं ही त्याची पहिली खूण.

दुसरा प्रकार पिन्सर. इथे मान ठीक असते, पण वाटीचा काठच जास्त पुढे आलेला असतो. कधी वाटी सगळीकडूनच खोल असते, तर कधी ती थोडी मागे तोंड करून असते, त्यामुळे फक्त पुढचा काठ आडवा येतो. मान थेट काठावर आपटते आणि मधलं लॅब्रम दोन हाडांत चिरडतं. वर्षानुवर्षं चिरडत राहिलं की काही ठिकाणी त्याचंच हाड बनायला लागतं, मग काठ आणखी पुढे येतो. कूर्चेचं नुकसान मात्र बराच काळ एका अरुंद पट्ट्यापुरतंच राहतं. पुस्तकांत कॅम तरुण पुरुषांचा आणि पिन्सर मध्यमवयीन बायकांचा, अशी वाटणी सापडते. प्रत्यक्षात दोन्ही थोडं-थोडं असलेले खुबेच जास्त दिसतात.

हा सगळा विचार सलग मांडला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००३ साली. तरुण वयात खुबा झिजलेल्या ज्या लोकांचं कारण सापडत नव्हतं, त्यांतल्या अनेकांमागे हाडांची ही टक्कर, म्हणजेच एफएआय, असते, असं त्यांनी म्हटलं. त्यानंतर या शस्त्रक्रियांची जगभर लाट आली. लाटेत होतं तेच इथेही झालं: गरज असलेल्यांबरोबर गरज नसलेल्यांचीही ऑपरेशनं झाली.

कॅमचा उंचवटा येतो कुठून? वाढीच्या वयात, साधारण बारा-चौदाव्या वर्षापासून डोक्याजवळची वाढीची पट्टी बंद होईपर्यंत, खुब्यावर सतत जोरकस भार पडत राहिला तर हाड तिथे जास्त वाढतं. फुटबॉल आणि आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांमध्ये हे पाहिलं गेलं आहे. एकदा वाढ थांबली की उंचवटा सहसा मोठा होत नाही. त्यामुळे केदारचा उंचवटा गेल्या वर्षी आलेला नव्हता. तो दहा वर्षं तरी तिथेच होता आणि त्यातली साडेआठ वर्षं केदारला काहीही दुखत नव्हतं.

फोटोत दिसतं ते आजार असतंच असं नाही

२०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना खुब्याचा काहीच त्रास नाही अशा लोकांचे एक्स-रे आणि एमआरआय तपासलेले अनेक अभ्यास त्यात एकत्र केले होते. त्यात सुमारे ३७ टक्के खुब्यांमध्ये कॅम आकार सापडला. खेळाडूंमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. लॅब्रमला इजा तर तब्बल ६८ टक्क्यांमध्ये दिसली. म्हणजे सुरसागर तळ्याभोवती संध्याकाळी फिरणाऱ्या, एकदम ठणठणीत माणसांना धरून एमआरआयच्या यंत्रात घातलं, तरी त्यांच्यापैकी पुष्कळांच्या रिपोर्टात तोच शब्द येईल.

म्हणून २०१६ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी ब्रिटनमधल्या वॉरिकमध्ये एकमताने ठरवलं, की एफएआय सिंड्रोम म्हणायचं असेल तर तीन गोष्टी एकत्र हव्यात. माणसाला तसा त्रास हवा, तपासणीत तशी लक्षणं हवीत आणि फोटोत तसा आकार हवा. एकटा फोटो असेल तर त्याला नुसता आकार म्हणायचं. नाक लांब असणं हा आजार नाही, तसंच हे.

केदारच्या बाबतीत पहिली गोष्ट होतीच. दुसरीसाठी त्याला उताणं झोपवलं, उजवा खुबा नव्वद अंशांत वाकवला, गुडघा डाव्या खांद्याच्या दिशेने आणला आणि पाऊल बाहेर नेलं, म्हणजे मांडी आत फिरते. लगेच ‘हाच तो!’ म्हणून ओरडला. या चाचणीला फॅडिर म्हणतात. ही खूप संवेदनशील आहे, पण फसवीसुद्धा आहे: खुब्यात दुसरं काही बिघडलेलं असलं तरी ती दुखते. तिचा खरा उपयोग उलट दिशेने आहे. ती दुखलीच नाही, तर एफएआय असण्याची शक्यता बरीच कमी होते. त्यामुळे मी त्याचं फिरणंही मोजलं. खुबा वाकवलेल्या स्थितीत डावी मांडी आत तीस अंश फिरत होती, उजवी दहा अंशांवरच थांबत होती आणि तिथे हाडाला हाड लागल्यासारखा कडक अटकाव जाणवत होता. स्नायू आखडलेला असता तर अटकाव रबरासारखा असता, जोर लावल्यावर थोडा पुढे सरकला असता.

तिसरी गोष्ट एक्स-रे. लोक एक्स-रे सोडून थेट एमआरआय करून येतात आणि इथेच गडबड होते. हाडाचा आकार आणि सांध्यातली फट पाहायला उभं राहून काढलेला दोन्ही खुब्यांचा समोरचा एक्स-रे आधी लागतो. त्याच्या जोडीला खुबा वाकवून काढलेला एक खास एक्स-रे लागतो, त्याला डन व्ह्यू म्हणतात. कॅमचा उंचवटा पुढच्या-वरच्या बाजूला असतो, तो समोरच्या फोटोत अनेकदा लपून जातो आणि डन व्ह्यूमध्ये पकडला जातो.

यातले दोन कोन समजले की रिपोर्ट वाचता येतो. पहिला अल्फा कोन. डोक्यावर नेमकं बसेल असं वर्तुळ काढायचं आणि हाडाची कड त्या वर्तुळाच्या बाहेर कुठे पडते ते पाहायचं. त्या बिंदूपासून डोक्याच्या केंद्रापर्यंत एक रेघ आणि मानेच्या मधोमध दुसरी रेघ, या दोन रेघांमधला कोन तो अल्फा. कड जितकी लवकर वर्तुळ सोडते तितका हा कोन मोठा. नेहमीच्या खुब्यात तो पन्नाशीच्या आसपास किंवा कमी असतो. साठच्या वर गेला की कॅम म्हणायला हरकत नाही. केदारचा ६८ अंश आला. दुसरा कोन वाटीचा. केंद्रातून सरळ वर एक रेघ आणि वाटीच्या बाहेरच्या काठाला दुसरी, या दोन्हींमधला कोन २५ ते ४० असला की वाटी व्यवस्थित. चाळीसच्या वर असेल तर खोल, म्हणजे पिन्सरकडे झुकणारी. विसाच्या खाली असेल तर उथळ. केदारचा ३१ होता. सांध्यातली फट चार मिलिमीटर, म्हणजे कूर्चा शाबूत. एवढं झाल्यावर एमआरआयमधल्या फाटलेल्या लॅब्रमला काही अर्थ आला, कारण ते पुढच्या-वरच्या कोपऱ्यातच फाटलं होतं, जिथे उंचवटा आपटतो तिथेच.

एमआरआय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. उलट आपल्याकडे तो एका कारणासाठी फार महत्त्वाचा आहे: जांघेत दुखणाऱ्या तरुणांमध्ये डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत जाणं, म्हणजे एव्हीएन, हे बऱ्यापैकी दिसतं. कधी स्टेरॉइड घेतलेले असतात, कधी दारू असते, कधी कारणच सापडत नाही. सुरुवातीला एक्स-रे साफ असतो आणि एमआरआयमध्येच ते कळतं. मानेतलं ताणाचं फ्रॅक्चर आणि खुब्याचा क्षयरोग हेही विसरून चालत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं किंवा पायावर भारच न पेलणं असं असेल तर एफएआयचा विचार बाजूला ठेवून आधी हे तपासायचं.

आधी तीन महिने

निदान पक्कं झालं तरी केदारला लगेच सर्जनकडे पाठवलं नाही. व्यायामाचा पूर्ण प्रयत्न बारा आठवड्यांचा असतो आणि तो बऱ्याचजणांना पुरतो. व्यायामाने हाडाचा आकार बदलत नाही, हे खरंच आहे. पण दुखणं फक्त आकारामुळे नसतं. ते आकार, हालचाल आणि भार या तिघांचं मिळून असतं आणि शेवटच्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी. जांघ आखडल्यासारखी वाटते म्हणून लोक ती ताणत बसतात. गुडघा छातीला लावतात, मलासनात खोल बसतात, मैत्रिणीला पाठीवर बसवून खुबा उघडायला लावतात. हाडाने अडलेली हालचाल ताणून सुटत नाही. प्रत्येक ताणात उंचवटा पुन्हा काठावर आपटतो आणि दुखणं वाढतं. केदारही यूट्यूबवर बघून रोज सकाळी हेच करत होता. ते बंद केल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच रोजचं दुखणं निम्म्यावर आलं.

मग कुल्ल्याचे स्नायू, खुबा बाहेर फिरवणारे आतले छोटे स्नायू आणि पोट-कंबर यांची ताकद वाढवली. आधी उताणं झोपून कंबर उचलायचा पूल, मग एका पायावर उभं राहणं, मग पायरी चढणं, मग वजन घेऊन अर्धं बसणं. पाय थोडे लांब ठेवून आणि पंजे बाहेर वळवून बसलं तर उंचवट्याला जागा मिळते. हे त्याला आरशासमोर करून दाखवलं. खुर्चीवर उशी ठेवून बसायची जागा उंच केली, म्हणजे गुडघे खुब्याच्या खाली राहतात. भारतीय पद्धतीचा संडास काही महिने टाळला. किपिंग बंद, फलंदाजी चालू.

तीन महिन्यांनी ऑफिस, गाडी, मोजे या सगळ्याचा त्रास जवळजवळ गेला. पण किपिंगला बसलं की पाचव्या-सहाव्या षटकात तीच खोल कळ परत यायची. अनेकांनी इथेच थांबायचं ठरवलं असतं आणि ते चुकीचं नसतं. किपिंग सोडून क्षेत्ररक्षणाला दुसरीकडे उभं राहिलं की प्रश्न मिटला. केदारला ते मान्य नव्हतं. चोवीसाव्या वर्षी ते मान्य नसणं मला समजतं.

तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी आणखी एक चाचणी केली. सोनोग्राफीत बघत सांध्याच्या आत बधिर करणारं औषध टोचलं आणि अर्ध्या तासाने त्याला यष्टीमागे बसतात तसं बसायला सांगितलं. दुखलं नाही. औषधाचा अंमल उतरला तशी कळ परत आली. दुखणं सांध्याच्या आतूनच येतं, याचा एवढा स्वस्त आणि सरळ पुरावा दुसरा नाही. ज्यांना अशा इंजेक्शनने काहीच फरक पडत नाही, त्यांच्या सांध्यात दुर्बीण घालण्याआधी पाठ, हर्निया आणि आजूबाजूचे स्नायू पुन्हा तपासावेत.

मामींचं का नाही

केदारचं हे सगळं चालू असताना त्याच्या मामीही आपली फाइल घेऊन आल्या. छप्पन्न वर्षांच्या, राहायला रावपुऱ्यात. त्यांच्याही उजव्या जांघेत दुखत होतं आणि त्यांच्याही रिपोर्टात ‘लॅब्रल टेअर’. ‘केदारचं दुर्बिणीने करताय, मग माझंही त्याच्याबरोबर उरकून टाका की,’ त्या म्हणाल्या. एक्स-रे पाहिला तर वाटीत वरच्या बाजूची फट दीड मिलिमीटर राहिली होती आणि काठावर हाडाचे काटे वाढले होते. त्यांचा सांधाच झिजला होता. लॅब्रम फाटणं हा त्या झिजेचाच एक भाग. फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी झाली की दुर्बीण शस्त्रक्रियेचा फायदा फारसा होत नाही आणि पुष्कळजणांना थोड्याच वर्षांत सांधा बदलावा लागतो, हे आता पुरेसं स्पष्ट आहे. मामींना सांगितलं की आधी व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, दुखेल तेव्हा गोळी घ्या आणि अगदीच असह्य झालं तर सांधारोपण करू. मधली पायरी म्हणून दुर्बीण नको. त्या जरा नाराज झाल्या.

आणखी एका खुब्याला दुर्बीण जपूनच लावायची: उथळ वाटीच्या. वाटीचा कोन विसाच्या खाली असलेली तरुण मुलगी जांघ दुखते म्हणून येते, लॅब्रम फाटलेलं असतं, आणि सगळं एफएआयसारखंच दिसतं. तिथे लॅब्रम टक्कर होऊन फाटलेलं नसतं. हाडाची वाटी कमी पडते म्हणून डोकं सांभाळायचा भार लॅब्रमवर येतो आणि ते त्या भाराने फाटतं. अशा खुब्याचा काठ तासला किंवा सांध्याभोवतीचं वेष्टन उघडून तसंच सोडलं, तर डोकं आणखी मोकळं होतं आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. तिला लागते वाटी फिरवून बसवण्याची वेगळी आणि मोठी शस्त्रक्रिया, तीही ती नेहमी करणाऱ्यांकडूनच.

म्हणजे दुर्बीण कुणाला? ज्याच्या त्रासाची जागा, तपासणी आणि फोटो एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, ज्याची कूर्चा शाबूत आहे, वाटी उथळ नाही, इंजेक्शनने दुखणं थांबतं आणि नीट केलेल्या तीन महिन्यांच्या व्यायामानंतरही त्याला हवं ते करता येत नाही, अशाला. यातली एक कडी निखळली तरी मी थांबायला सांगते.

अशा निवडलेल्या लोकांनाही किती फायदा होतो? ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून एक चाचणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला दुर्बीण शस्त्रक्रिया, दुसऱ्याला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. वर्षभराने खुबा किती ठीक आहे याचे शंभरपैकी गुण मोजले तेव्हा दोन्ही गट सुधारलेले होते. शस्त्रक्रियेचा गट ५९च्या आसपास, व्यायामाचा ५०च्या आसपास. सुरुवातीचा फरक वजा करून शस्त्रक्रियेची आघाडी ६.८ गुणांची. रुग्णाला स्वतःला फरक जाणवायला साधारण सहा गुण लागतात. म्हणजे शस्त्रक्रिया सरस ठरली, पण थोडक्यात. आणि शस्त्रक्रियेनंतरही सरासरी माणूस शंभरच्या जवळ पोचला नाही. ‘दोन भोकं पाडायची आणि पुढच्या महिन्यात मैदानात’ असं कुणी सांगत असेल तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत.

टेबलावर आणि नंतर

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. पाय विशेष टेबलाला बांधून ओढतात, तेव्हा डोकं वाटीतून साधारण एक सेंटिमीटर बाहेर येतं आणि दुर्बीण घालायला जागा होते. हा ताण दोन तासांच्या आत सोडायचा असतो, नाहीतर नसांना इजा होते. जांघेत आणि जननेंद्रियाजवळ काही दिवस बधिरपणा राहू शकतो, तो याच ताणामुळे. दोन किंवा तीन छोट्या छिद्रांतून सर्जन सांध्याभोवतीचं वेष्टन उघडतात, कूर्चा पाहतात आणि लॅब्रम वाटीच्या काठाला छोट्या अँकरने, म्हणजे हाडात बसवायच्या खुंटीने, पुन्हा शिवतात. पूर्वी फाटलेला तुकडा सरळ कापून टाकत. आता शक्य तिथे शिवण्याकडेच कल आहे, कारण द्रव कोंडून ठेवण्याचं काम उरलेल्या अर्ध्या कड्याने होत नाही.

मग पायाचा ताण सोडून खुबा वाकवतात आणि उंचवटा तासतात. निकाल खरा ठरतो तो इथे. नुसतं लॅब्रम शिवून उंचवटा तसाच ठेवला तर तो पुन्हा तिथेच आपटतो. पहिलं ऑपरेशन फसून दुसरं करावं लागणाऱ्यांमध्ये सगळ्यात नेहमीचं कारण उरलेला उंचवटा हेच असतं. जास्त तासलं तर उलटा धोका: मान कमकुवत होऊन तिचं फ्रॅक्चर होऊ शकतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून मानेच्या जाडीच्या तीस टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा धरतात. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही याच मानेवरून वर जातात, त्या जपाव्या लागतात. हात बसलेल्या सर्जनची गरज इथे कळते. त्यांना ‘तुम्ही खुब्याच्या किती दुर्बीण शस्त्रक्रिया करता?’ असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही. गुडघ्याच्या दुर्बिणीचा हातखंडा इथे आपोआप चालत नाही.

केदारला तीन अँकर लागले. शिवणीजवळची कूर्चा मऊ झाली होती, पण हाडाला चिकटून होती. तीन आठवडे कुबड्या घेऊन पायावर अर्धा भार, पहिले काही आठवडे खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही, आणि पहिल्या आठवड्यापासूनच उंच सीटच्या स्थिर सायकलवर जोर न लावता पाय फिरवायचे, म्हणजे आत व्रणाचे बंध तयार होत नाहीत. भलत्या जागी हाड वाढू नये म्हणून काही दिवस सूज कमी करणारी गोळीही दिली होती. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर पट्टा बधिर झाला होता, तो दोन महिन्यांत भरला. चौथ्या महिन्यात पळणं, सातव्या महिन्यात किपिंग.

आता तो सामन्यात पूर्ण डाव यष्टीमागे बसतो. सलग दोन दिवस सामने असले तर दुसऱ्या संध्याकाळी जांघ ठणकते. बर्फ लावतो, एक दिवस विश्रांती घेतो. वाकवलेल्या स्थितीत उजवी मांडी आता पंचवीस अंश आत फिरते.

त्याच्या डाव्या खुब्याचा एक्स-रेही आम्ही तेव्हाच पाहिला होता. तिथेही तसाच उंचवटा आहे, अल्फा कोन ६३. तो खुबा दुखत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावलेला नाही.